व्हेरिएंटचा हिशेब: मोबाइल दुकानातील साठा आणि घाऊक खरेदीचा भाव

मोबाइलच्या दुकानात एका मॉडेलच्या नावाखाली प्रत्यक्षात अनेक वेगवेगळे माल विकले जातात. समजा, मध्यम किमतीचे एक मॉडेल ६/१२८, ८/१२८ आणि ८/२५६ अशा तीन व्हेरिएंटमध्ये येते आणि प्रत्येक व्हेरिएंट काळा, निळा व हिरवा अशा तीन रंगांत मिळतो. म्हणजे दुकानदाराच्या कपाटात नऊ माल झाले. प्रत्येकाचा गिऱ्हाईक थोडा वेगळा, विक्रीचा वेग वेगळा आणि अडकून पडण्याचा धोकाही वेगळा असतो. ‘या मॉडेलचे बारा पीस आहेत’ या वाक्यातून दुकानाची स्थिती कळत नाही. त्या बारांपैकी आठ पीस हिरव्या ८/२५६ चे असतील, तर काउंटरवर रोज विचारल्या जाणाऱ्या काळ्या ८/१२८ साठी दुकान रिकामेच असू शकते.

व्हेरिएंट ओळखण्याची सुरुवात डब्यावरच्या लेबलपासून होते. त्यावर मॉडेलचा कोड, रॅम व स्टोरेज, रंगाचे नाव, बारकोड, आयएमईआय क्रमांक, एमआरपी आणि उत्पादनाचा महिना व वर्ष छापलेले असते. बहुतेक घोटाळे मॉडेलच्या नावावर विसंबल्यामुळे होतात. एकाच नावाचे ४जी आणि ५जी फोन शेजारी शेजारी ठेवलेले असतात आणि डबेही सारखेच दिसतात. फरक असतो तो मॉडेलच्या कोडमध्ये. दुसरी गल्लत रॅमची. जाहिरातीत ‘८+८ जीबी’ असे लिहिलेले असते. त्यातले दुसरे ८ जीबी स्टोरेजमधून उसने घेतलेले असतात. नोंदीत फक्त खरी रॅम लिहावी. नाहीतर एकच माल दोन नावांनी चढतो आणि दोन्हीकडे अर्धा अर्धा दिसतो.

बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये मालाचे नाव ठरावीक क्रमानेच टाकावे: कंपनी, मॉडेल, रॅम/स्टोरेज, रंग. रंगाचे नाव डब्यावर असेल तेच घ्यावे. कंपन्यांची रंगांची नावे फुलोऱ्याची असतात आणि काउंटरवर सगळेच ‘काळा’ म्हणतात. एकाने ‘काळा’ आणि दुसऱ्याने कंपनीचे नाव टाकले, की सॉफ्टवेअरमध्ये दोन माल तयार होतात आणि महिनाअखेरीस एकाचा साठा उणे दिसू लागतो.

रंग आणि व्हेरिएंटची मोजणी नगावर चालते, पण मोबाइलचा खरा हिशेब आयएमईआयवर चालतो. हा १५ अंकी क्रमांक फोनच्या डायलरवर *#06# दाबले की दिसतो. दोन सिमच्या फोनला असे दोन क्रमांक असतात. दुकानात कोणता नोंदवायचा हे एकदाच ठरवून टाकावे आणि खरेदीत, विक्रीत व मोजणीत नेहमी पहिलाच क्रमांक स्कॅन करावा. खरेदीत पहिला आणि विक्रीत दुसरा स्कॅन झाला, तर विकलेला फोन साठ्यात राहतो आणि कधी न आलेला फोन विकला गेल्यासारखा दिसतो. बिलावरचा क्रमांक चुकला, तर त्रास गिऱ्हाइकालाही होतो. वॉरंटीच्या वेळी सर्व्हिस सेंटर हरकत घेते, हप्त्यांवर फोन दिला असेल तर फायनान्स कंपनीचे पैसे अडकतात, आणि फोन चोरीला गेल्यावर संचार साथी पोर्टलवर तो बंद करण्यासाठी दिलेला क्रमांक भलत्याच फोनचा निघतो.

आठवड्यातून एकदा सगळे डबे काढून आयएमईआय स्कॅन करावेत. रोज संध्याकाळी नुसती नगांची मोजणी पुरते. मोजणीत फरक आला तर आधी त्याचा आकार पाहावा. काळा एक कमी आणि निळा एक जास्त असेल, तर फोन गेलेला नाही. काळा फोन देऊन निळ्याचे बिल केले गेले आहे. त्या आठवड्याची निळ्याची बिले उघडून डब्यावरच्या क्रमांकांशी ताडली, की चूक दहा मिनिटांत सापडते. एक कमी आहे आणि जास्त कुठेच नाही, असे दिसले तर ते गंभीर. तेव्हा त्या क्रमांकाचा फोन चलनावर किंवा दुसऱ्या शाखेकडे गेला आहे का, हे त्याच दिवशी विचारावे. आठवडा उलटला की कोणालाच आठवत नाही.

मागणी कशी मोजावी

बार्शीसारख्या तालुक्याच्या बाजारपेठेतले एक दुकान घेऊ. तिथे डिस्ट्रिब्युटरची गाडी सोलापूरहून आठवड्यातून दोनदा येते. वर सांगितलेल्या मॉडेलची मागच्या आठ आठवड्यांची विक्री अशी आहे, असे धरू:

| व्हेरिएंट | काळा | निळा | हिरवा | एकूण |
|---|---|---|---|---|
| ६/१२८ | ५ | ३ | २ | १० |
| ८/१२८ | ११ | ७ | ४ | २२ |
| ८/२५६ | ३ | ४ | १ | ८ |

एकूण ४० नग, म्हणजे आठवड्याला पाच. तक्ता पाहून वाटते, की ८/१२८ मध्ये काळा निळ्याच्या दीडपट चालतो, म्हणून काळ्याची खरेदी वाढवावी. इथेच बहुतेक दुकानदार फसतात. निळा ८/१२८ आठपैकी तीन आठवडे दुकानात नव्हताच. उरलेल्या पाच आठवड्यांत त्याचे सात नग गेले, म्हणजे आठवड्याला १.४. काळा आठही आठवडे हजर होता आणि त्याचे ११ गेले, म्हणजे आठवड्याला सुमारे १.४. मागणी सारखीच आहे. निळा फक्त कपाटात नव्हता. म्हणून विक्री नेहमी माल हजर असलेल्या दिवसांनी भागावी. जो माल संपलेला असतो, त्याची विक्री शून्य दिसते, ती शून्य धरून पुढची खरेदी कमी होते आणि चालणारा व्हेरिएंट हळूहळू दुकानातूनच नाहीसा होतो.

याला जोड म्हणून काउंटरवर एक वही ठेवावी. गिऱ्हाइकाने मागितलेला व्हेरिएंट नव्हता, तर तारीख, व्हेरिएंट, रंग आणि गिऱ्हाइकाने शेवटी काय केले, हे तिच्यात एका ओळीत लिहावे. शेवटचा रकाना सर्वांत मोलाचा आहे. काळा नव्हता म्हणून निळा घेऊन गेला, ही नोंद आणि ८/१२८ नव्हता म्हणून शेजारच्या दुकानात गेला, ही नोंद यांची किंमत सारखी नाही. महिनाभराच्या नोंदी वाचल्या की बहुतेक दुकानांत एक गोष्ट उघड होते. रंगाबाबत गिऱ्हाईक तडजोड करतो, रॅम-स्टोरेजबाबत क्वचित करतो. त्याचे बजेट आणि त्याला कोणीतरी सांगितलेला ‘आठ-एकशेअठ्ठावीसच घे’ हा सल्ला, दोन्ही ठाम असतात. त्यामुळे भांडवल अपुरे असेल तर आधी रंग कमी करावेत. व्हेरिएंट कमी करण्याची पाळी शेवटी यावी.

किती ठेवायचे हे दोन गोष्टींवर ठरते: पुढची गाडी यायला किती दिवस लागतात आणि त्या दिवसांत जास्तीत जास्त किती नग जाऊ शकतात. बार्शीच्या या दुकानात दोन गाड्यांमध्ये तीन-चार दिवसांचे अंतर आहे. काळा ८/१२८ आठवड्याला दीडच्या आसपास जातो. दोन नग कायम ठेवले आणि त्यातला एक विकला जाताच मागणी नोंदवली, तर तो सहसा संपत नाही. निळ्यासाठीही तेवढेच पुरतात. काळा ६/१२८ आणि निळा ८/२५६ एकेक असावेत. हिरवा ८/२५६ आठ आठवड्यांत एकच गेला आहे, म्हणून त्याचा डबा दुकानात नसावाच. डमी मांडून ठेवावी. कोणी मागितला तर आगाऊ रक्कम घेऊन पुढच्या गाडीने आणून द्यावा. नऊही माल हजर ठेवलेच पाहिजेत, ही सेल्समनची समजूत आहे. दुकानदाराने ती मान्य करण्याचे कारण नाही.

मोठ्या शहरातल्या दुकानाला डिस्ट्रिब्युटर रोज, कधी दिवसातून दोनदाही माल देतो. तिथे हे आकडे आणखी खाली येतात. याउलट पावसाळ्यात रस्ता बंद पडणाऱ्या भागात ते वाढवावे लागतात. सणांचे आकडे मात्र या आठ आठवड्यांच्या सरासरीवर काढू नयेत. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा आणि दिवाळी यांसाठी मागच्या वर्षीच्या त्याच सणाची विक्री पाहावी. मराठवाड्याला लागून असलेल्या बाजारपेठांत सोयाबीनचे पैसे हातात कधी येतात, यावरही दिवाळीची विक्री आठवडाभर पुढे-मागे सरकते.

भावाचा खरा अर्थ

डिस्ट्रिब्युटर ज्या दराने बिल करतो त्याला डीलर प्राइस किंवा डीपी म्हणतात आणि गिऱ्हाइकाला ज्या भावाने विकणे कंपनीला अपेक्षित असते त्याला एमओपी. दोन्ही आकडे जीएसटी धरून बोलले जातात. मोबाइलवर १ एप्रिल २०२० पासून १८ टक्के जीएसटी आहे. त्यामुळे डीपी १६,६२४ आणि एमओपी १७,४९९ असेल तर फरक ८७५ दिसतो, पण त्यातला जीएसटी सरकारकडे जातो. ८७५ ला १.१८ ने भागले की ७४१ रुपये उरतात. दुकानाचे भाडे, पगार आणि व्याज या ७४१ मधून निघायचे असते. कार्डाने किंवा हप्त्यांवर विक्री झाली आणि त्याचा काही भार दुकानावर पडला, तर तोही यातूनच जातो. एवढ्या अरुंद फटीत घाऊक खरेदीची सूट मोठी वाटणे साहजिक आहे. म्हणूनच ती नीट तपासावी लागते.

सूट दोन वाटांनी येते. पहिली बिलातच कमी होते. बिलात ५०० रुपये जीएसटीसह कमी झाले, तर दुकानाचा खरा फायदा ४२४ रुपयांचा, कारण तेवढ्या प्रमाणात इनपुट क्रेडिटही घटते. दुसरी सूट मागाहून क्रेडिट नोटने मिळते. क्रेडिट नोट जीएसटी न लावता दिलेली असेल, तर क्रेडिट उलटवावे लागत नाही आणि ५०० पूर्ण मिळतात. जीएसटी लावून दिलेली असेल, तर त्यावरचे क्रेडिट उलटवावे लागते. तेव्हा ‘पाचशे रुपये सूट’ हे ऐकल्यावर कोणत्या वाटेने, हा प्रश्न आधी विचारावा. तिसराही प्रकार आहे: ठरावीक खरेदीवर सहल किंवा वस्तू. अशा लाभावर वर्षाला २०,००० रुपयांपलीकडे १० टक्के टीडीएस लागतो आणि त्याची किंमत दुकानदाराच्या उत्पन्नात धरली जाते. सहलीऐवजी तेवढ्याच किमतीची क्रेडिट नोट मिळत असेल, तर छोट्या दुकानाने क्रेडिट नोट घ्यावी. सहलीने पुढच्या गाडीचे पैसे भागत नाहीत.

मागाहून मिळणारी सूट हातात यायला दीड-दोन महिने सहज जातात, कधी त्याहून जास्त. तोपर्यंत ती कमाईत धरून विक्रीचा भाव खाली आणणे धोक्याचे आहे. शेजारचा दुकानदार असे करतो म्हणून आपणही करावे, असा दबाव प्रत्येक बाजारात असतो. पण स्कीममध्ये एखादी अट राहून गेली आणि दावा नामंजूर झाला, तर प्रत्येक फोन तोट्यात विकला गेला, हे दोन महिन्यांनी कळते. प्रत्येक स्कीमचा मजकूर, मग तो नुसता व्हॉट्सॲपवर आला असला तरी, छापून फाइलमध्ये लावावा. तो वाचताना चार गोष्टी शोधाव्यात. मोजणी डिस्ट्रिब्युटरकडून घेतलेल्या नगांची होणार की गिऱ्हाइकाने चालू केलेल्या फोनची? कोणते व्हेरिएंट धरले आहेत? टप्पा गाठल्यावर वाढीव दर पहिल्या नगापासून लागतो की फक्त त्यापुढच्या नगांना? आणि भाव पडला तर फरक किती दिवसांपर्यंतच्या मालावर मिळेल?

पन्नास नगांची स्कीम

आता त्याच दुकानासमोर डिस्ट्रिब्युटरचा माणूस एक प्रस्ताव ठेवतो, असे धरू. या मॉडेलचे ३० नग एकदम उचलले तर नगाला ३०० रुपये, ५० उचलले तर सगळ्या नगांना ५०० रुपये, जीएसटी नसलेल्या क्रेडिट नोटने. पन्नासावर २५,००० रुपये मिळणार, हा आकडा समोर ठेवला की हो म्हणण्याचा मोह होतो. पण दुकान आठवड्याला पाच नग विकते, म्हणजे पन्नास नग दहा आठवडे पुरणार.

पहिला खर्च व्याजाचा. एरवी हे दुकान प्रत्येक गाडीला थोडा थोडा माल न घेता चार आठवड्यांचे २० नग एकदम आणते, असे धरू; तेव्हा सरासरी दहा नग पडून असतात. पन्नास आणले तर सरासरी पंचवीस. जास्तीचे पंधरा नग, सरासरी १६,५०० रुपयांनी, म्हणजे सुमारे २,४७,५०० रुपये दहा आठवडे अडकले. बँकेच्या कॅश क्रेडिटचा दर वर्षाला १२ टक्के धरला तर हे व्याज सुमारे ५,७०० रुपये होते. पैसे स्वतःचे असले तरी हा खर्च धरावा, कारण त्याच पैशांत दुसरे चालणारे मॉडेल आणता आले असते.

दुसरा खर्च व्हेरिएंटच्या वाटपाचा, आणि तो स्कीमच्या कागदावर कधीच दिसत नाही. डिस्ट्रिब्युटर देऊ करतो ते पन्नास नग असे आहेत: ६/१२८ चे १०, ८/१२८ चे २० आणि ८/२५६ चे २०. दुकानाच्या विक्रीच्या प्रमाणात पन्नासांत ८/२५६ फक्त १० हवेत आणि ८/१२८ चे सुमारे २७ हवेत. डिस्ट्रिब्युटरच्या गोदामात जे पडून आहे ते तो दुकानाच्या कपाटात सरकवू पाहतो; त्याच्या जागी असलेला कोणीही हेच करील. जास्तीच्या दहांपैकी दोन नग समजावून विकले गेले, तरी आठ उरतील. ते काढायला नगाला १,५०० रुपये सोडावे लागले, तर जीएसटी वजा करून सुमारे १०,१५० रुपये गेले. शिवाय ८/१२८ मधेच संपेल. मग तो साध्या डीपीने पुन्हा आणावा लागेल, किंवा गिऱ्हाईक परत जाईल. ते नुकसान या हिशेबात धरलेलेच नाही.

तिसरा खर्च भाव पडण्याचा. मध्यम किमतीच्या फोनचा भाव दहा आठवडे जागचा हलणार नाही, याची खात्री कोणीच देत नाही. सातव्या आठवड्यात १,००० रुपये उतरले, असे समजू. तेव्हा किमान पंधरा नग शिल्लक असतील. फरक फक्त तीस दिवसांतल्या खरेदीवर मिळणार असेल, तर सात आठवड्यांपूर्वीच्या मालावर काहीच मिळत नाही. पंधरा नगांवर, जीएसटी वजा जाता, सुमारे १२,७०० रुपयांचा फटका.

तिन्ही मिळून २८,५५० रुपये. मिळाले २५,०००. पन्नास नगांच्या स्कीममध्ये दुकानाने साडेतीन हजार रुपये गमावले. भाव पडला नसता तर सुमारे नऊ हजार राहिले असते, हेही खरे. म्हणून निर्णय भाव पडण्याच्या शक्यतेवर येऊन ठेपतो.

आता तीसचा टप्पा पाहू, पण या अटीवर की वाटप दुकानाच्या विक्रीप्रमाणे व्हावे: ६/१२८ चे ८, ८/१२८ चे १६ आणि ८/२५६ चे ६. मिळणार ९,०००. माल सहा आठवड्यांत संपतो. सरासरी जास्तीचे नग पाचच, त्यांचे व्याज सुमारे १,१५० रुपये. भाव सातव्या आठवड्यात पडला तेव्हा कपाटात या लॉटचा एकही नग उरलेला नाही. हातात साडेसात हजारांहून जास्त राहतात. सूट नगाला दोनशेने कमी आणि तरी कमाई जास्त, याचे कारण वाटप आणि मुदत ही दोनच. म्हणून घाऊक खरेदीच्या बोलण्यात दरावर घासाघीस करण्याआधी वाटपावर करावी. दर डिस्ट्रिब्युटरच्या हातात सहसा नसतो, तो कंपनी ठरवते. वाटप आणि मालाच्या हप्त्यांनी होणाऱ्या डिलिव्हरीचा निर्णय बऱ्याचदा त्याच्या हातात असतो. ‘तीस घेतो, पण दोन खेपांत, आणि हिरवे चारच्या वर नकोत’ हे मागणे मान्य होऊ शकते. तीस दिवसांनी न विकलेला रंग दुसऱ्या रंगात बदलून देण्याचे आश्वासन मिळाले, तर ते लेखी घ्यावे.

प्रत्येक मोठ्या टप्प्याला नकार द्यावा, असे मात्र नाही. महिन्याची स्कीम कंपनीच्या सगळ्या मॉडेलवर मिळून असेल, तीस नगांना ३०० आणि पन्नासला पहिल्या नगापासून ५००, आणि २८ तारखेला दुकानाचे ४२ नग घेऊन झालेले असतील, तर हिशेब पालटतो. बेचाळीसवर १२,६०० मिळतील, पन्नासवर २५,०००. आणखी आठ नगांमुळे १२,४०० रुपये वाढतात, म्हणजे ते आठ नग प्रत्येकी १,५५० रुपयांनी स्वस्त पडले. ते काळ्या-निळ्या ८/१२८ सारख्या हमखास जाणाऱ्या मालात घ्यावेत आणि घ्यावेतच. पण ३४ वर असताना हाच हिशेब केला तर सोळा नगांमागे १४,८०० येतात, नगाला ९२५. हजार रुपयांनी भाव पडला तर त्यातले जवळपास सगळेच जाते. वाढीव दर पन्नासच्या पुढच्या नगांनाच असेल, तर धावपळ करण्यात काहीच हशील नाही.

टप्पा गाठण्याच्या घाईत दोन वाईट सवयी लागतात. एक म्हणजे डीपीपेक्षा कमी भावाने दुसऱ्या गावच्या दुकानदाराला माल पास करणे. फोन कुठे चालू झाला हे कंपनीला आयएमईआयवरून कळू शकते. असे नग स्कीममधून वगळले जाण्याची आणि दुकान काळ्या यादीत जाण्याची शक्यता असते. दुसरी म्हणजे चालू केलेल्या फोनवर मोजणी असेल, तेव्हा डबे फोडून फोन दुकानातच चालू करून ठेवणे. त्या दिवसापासून वॉरंटीचा काळ सुरू होऊ शकतो, आणि भाव पडल्यावर फरकही मिळत नाही. महिन्याने तो फोन घेणाऱ्याला उरलेली वॉरंटी दिसते तेव्हा त्याच्याशी होणारा वाद दुकानाला सूट मिळाली त्याहून महाग पडतो. तो गिऱ्हाइकाचा सरळ विश्वासघात आहे.

चालणाऱ्या मॉडेलसोबत न चालणारे मॉडेल गळ्यात मारणे हीदेखील घाऊक खरेदीच्या भावाचीच गोष्ट आहे. दहा मागणीचे नग हवे असतील तर पाच पडून असलेले घ्या, असे सांगितले जाते. ते पाच नग काढायला प्रत्येकी ६०० सोडावे लागणार असतील, तर ३,००० रुपये दहा नगांवर वाटावेत. म्हणजे मागणीचा फोन नगाला ३०० रुपयांनी महाग पडला. हे जाणूनही तो घेणे परवडत असेल तर घ्यावा.

पडून राहिलेला माल

प्रत्येक आयएमईआयसमोर खरेदीची तारीख असली, की कोणता डबा किती दिवसांचा झाला हे आपोआप दिसते. त्याच व्हेरिएंटचा जुना डबा आधी द्यावा. गिऱ्हाईक डब्यावरचा उत्पादनाचा महिना वाचतो. तीस दिवस उलटले की तो नग काउंटरवर पुढे आणावा आणि डिस्ट्रिब्युटरला रंग बदलून मागावा. पंचेचाळीसच्या सुमारास विकणाऱ्या मुलाला त्यावर दीड-दोनशे रुपये जास्त द्यावेत. साठाव्या दिवशी तो खरेदीच्या भावाला काढावा. तोटा खाऊन विकणे जिवावर येते, पण थांबल्याने तो वाढण्याचीच शक्यता जास्त. हे दिवस वीस हजारांच्या आतल्या फोनसाठी आहेत. महागड्या फोनसाठी ते आणखी कमी करावेत, कारण तिथे एकेक उतार मोठा असतो.

भाव पडण्याची चाहूल बऱ्याचदा आधी लागते. पुढच्या मॉडेलची जाहिरात सुरू होते. डिस्ट्रिब्युटर न मागता मोठी सूट देऊ करतो, आणि तीही एकाच मॉडेलवर. ऑनलाइन विक्रीत तोच व्हेरिएंट डीपीच्या आसपास दिसू लागतो. दसरा-दिवाळीच्या आधीच्या ऑनलाइन सेलमध्ये हे दर वर्षी घडते. यातली एकही गोष्ट दिसली तर त्या मॉडेलची खरेदी एका आठवड्याच्या विक्रीइतकी खाली आणावी. भाव पडलाच, तर शिल्लक आयएमईआयची यादी अनेकदा दोन-तीन दिवसांतच पाठवावी लागते. आठवड्याचे स्कॅनिंग झालेले असेल तर ती यादी लगेच निघते. नसेल तर डबे मोजता मोजता मुदत टळते.

मॉडेल बंद होत आले, की खरेदी ठरावीक क्रमाने थांबवावी. आधी तिसरा रंग, मग ८/२५६, मग ६/१२८. शेवटपर्यंत काळा ८/१२८ एखाद-दुसरा ठेवावा, कारण तोच भाव न पाडता जातो. सर्वांत शेवटी डेमोचा फोन उरतो. तो कधी विकता येईल याची अट खरेदीच्या वेळीच ठरलेली असते, ती आधी पाहावी. विकताना बिलावर डेमो असे स्पष्ट लिहावे, आयएमईआय टाकावा आणि वॉरंटीचे किती महिने उरले आहेत ते गिऱ्हाइकाला सांगून बिलावरही लिहून द्यावे.